बारा ऑगस्टचा चाळीस लाखांचा प्रश्न

घर बांधून होण्याआधीच ग्राहक बिल्डरला पैसे देऊ लागतो. प्लिंथ झाला की एक हप्ता, पहिला स्लॅब पडला की दुसरा, असे करत ताबा मिळेपर्यंत घराची जवळजवळ सगळी किंमत दिलेली असते. हे पैसे त्याच इमारतीत गेले की बिल्डरच्या दुसऱ्या जमिनीच्या सौद्यात, हे 2016 पूर्वी ग्राहकाला कळण्याची सोय नव्हती. रेरा कायद्याच्या कलम 4 ने ती व्यवस्था आणली. ग्राहकांकडून येणाऱ्या रकमेतले 70 टक्के प्रकल्पाच्या स्वतंत्र बँक खात्यात ठेवायचे आणि ते फक्त त्या प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करायचे, असे हे कलम सांगते. व्यवहारात लोक या खात्याला एस्क्रो खाते म्हणतात. महाराष्ट्रात महारेराने 1 जुलै 2024 पासून प्रत्येक प्रकल्पासाठी तीन खाती सांगितली आहेत. ग्राहकाचा प्रत्येक रुपया आधी संकलन खात्यात येतो. तिथून बँक आपोआप 70 टक्के स्वतंत्र खात्यात आणि उरलेले व्यवहार खात्यात वळते करते.

दर आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत या खात्याचे ऑडिट व्हावे लागते. त्याचा अहवाल, म्हणजे फॉर्म 5, सनदी लेखापाल देतो. त्याच्या हातात खात्याचे बँक स्टेटमेंट असते आणि त्याला दोन प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात. ग्राहकांनी दिलेले सगळे पैसे इथे पोचले का? आणि इथून जे बाहेर गेले, ते तेवढेच आणि तेव्हाच जायला हवे होते का?

दोन्ही प्रश्नांची उत्तरे स्टेटमेंट वाचून मिळतील असे वाटते, पण नुसते स्टेटमेंट वाचून एकाचेही उत्तर मिळत नाही. पहिल्या प्रश्नाची अडचण उघड आहे. जो पैसा या खात्यात कधी आलाच नाही, त्याची ओळ या स्टेटमेंटमध्ये नसते. म्हणून जाणता लेखापाल बँकेकडून ग्राहकाकडे जात नाही, तो ग्राहकाकडून बँकेकडे येतो. आधी विकलेल्या फ्लॅटची यादी करायची. त्यासाठी बिल्डरचे बुकिंग रजिस्टर, महारेराच्या संकेतस्थळावर दाखवलेले विकलेले फ्लॅट आणि नोंदणीकृत करारांच्या सूची क्रमांक 2 च्या प्रती समोर ठेवायच्या. मग प्रत्येक ग्राहकाच्या खात्यावरील पावत्या घ्यायच्या आणि एकेक पावती संकलन खात्यात कोणत्या तारखेला, किती रकमेची म्हणून उमटली ते शोधायचे.

हे काम कसे चालते हे कळण्यासाठी पुण्याच्या हद्दीतला एक काल्पनिक प्रकल्प घेऊ. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून ठरवलेले आहेत, पण त्यातल्या गोष्टी अशा तपासणीत नेहमी भेटणाऱ्या आहेत. प्रकल्पाचा एकूण अंदाजित खर्च 20 कोटी, त्यात जमीन 5 कोटी आणि बांधकाम 15 कोटी. 30 जूनपर्यंत ग्राहकांकडून 10 कोटी आले, त्याचे 70 टक्के म्हणजे 7 कोटी स्वतंत्र खात्यात गेले. त्यातून 6 कोटी 60 लाख काढले गेले आणि 40 लाख शिल्लक राहिले. इथपर्यंत सगळे जुळते. तपासायची आहे ती जुलै ते सप्टेंबर ही तिमाही.

या तीन महिन्यांत ग्राहकांच्या खात्यांवर मिळून 4 कोटींच्या पावत्या दिसतात. याचे 70 टक्के म्हणजे 2 कोटी 80 लाख स्वतंत्र खात्यात यायला हवे होते. स्टेटमेंटमध्ये जमा आहेत 2 कोटी 59 लाख. फरक 21 लाखांचा, म्हणजे मुळात 30 लाखांच्या पावत्या संकलन खात्यात पोचलेल्या नाहीत. हा आकडा पाहून लगेच आरोप करण्याचे कारण नाही, कारण त्यातला काही भाग अगदी साध्या कारणाने निर्माण होतो. प्रत्येक पावतीच्या मागे जावे लागते.

पहिले 4 लाख टीडीएसचे निघतात. घराची किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर खरेदीदाराने प्रत्येक हप्त्यातून एक टक्का कापून तो बिल्डरच्या पॅनवर आयकर खात्याकडे भरायचा असतो. 10 लाखांच्या हप्त्यापोटी बँकेत 9 लाख 90 हजार येतात आणि पावती मात्र पूर्ण 10 लाखांची बनते. ग्राहकाच्या बाजूने हे बरोबरच आहे, त्याने 10 लाख दिलेच. तपासायचे एवढेच, की तो कर खरोखर भरला गेला आणि बिल्डरच्या फॉर्म 26एएस मध्ये दिसतो. या रकमेवरचे 70 टक्के बिल्डरने आपल्या पैशातून स्वतंत्र खात्यात घालायचे की नाही, याची एक पद्धत ठरवून ती कागदावर असावी. एका तिमाहीत एक आणि दुसऱ्या तिमाहीत वेगळी, असे चालले तर पुढच्या वर्षी जुळणीच होत नाही.

दुसरे 6 लाख एका न वटलेल्या चेकचे आहेत. चेक मिळाला त्या दिवशी पावती फाडली. चार दिवसांनी चेक परत आला, पण ती पावती रद्द केली नाही. स्टेटमेंटमध्ये अशा वेळी जमेची एक ओळ आणि लगेच नावेची एक ओळ दिसते, किंवा काहीच दिसत नाही. इथे चूक बँकेकडे नाही, ग्राहकाच्या खात्यात आहे. पावती रद्द केली की फरक मिटतो. पण असा चेक महिनोन्महिने तसाच राहिला, तर ग्राहकाला वाटते हप्ता दिला, आणि बिल्डरचे विक्रीचे आकडे फुगलेले राहतात.

उरतात 20 लाख, आणि या तिमाहीतली खरी गळती हीच. एका ग्राहकाच्या गृहकर्जाचा हप्ता त्याच्या बँकेने थेट बिल्डरला पाठवला. मात्र कर्जाच्या कागदांवर जुना खाते क्रमांक राहिला होता, बिल्डरच्या कंपनीच्या चालू खात्याचा. पैसे तिथे जमा झाले आणि आठवडाभरात दुसऱ्या प्रकल्पाच्या कंत्राटदाराला गेले. संकलन खात्याच्या स्टेटमेंटमध्ये याचा मागमूसही नाही. ग्राहकाकडे मात्र पावती आहे, बँकेचे कर्जवाटपाचे पत्र आहे, आणि त्यावरून माग काढता येतो. अशी रक्कम सापडली की पूर्ण 20 लाख संकलन खात्यात आणावे लागतात, म्हणजे त्यातले 14 लाख आपोआप स्वतंत्र खात्यात जातात.

जुळणी उलट्या दिशेनेही चुकू शकते. बांधकाम चालू असलेल्या, परवडणाऱ्या गटात न बसणाऱ्या घरावर 5 टक्के जीएसटी असतो. 10 लाखांच्या हप्त्याबरोबर ग्राहक 50 हजार कर भरतो आणि सोय म्हणून दोन्ही एकाच वेळी संकलन खात्यात पाठवतो. बँकेला कर आणि किंमत यांतला फरक कळत नाही. ती साडेदहा लाखांचे 70 टक्के, म्हणजे 7 लाख 35 हजार वळते करते, जेव्हा जायचे होते 7 लाख. कर, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क हे ग्राहकाकडून घेऊन सरकारकडे पोचवायचे पैसे असल्यामुळे 70 टक्क्यांच्या हिशेबातून वगळलेले असतात. म्हणून पावतीतला घराच्या किमतीचा भाग आणि कराचा भाग वेगळा केल्याशिवाय जुळणीला हात घालू नये. हा गोंधळ एकदा पसरला की जास्त आलेला 35 हजारांचा एक आकडा दुसरीकडे कमी आलेल्या आकड्याला झाकतो, आणि एकूण बेरीज बरोबर दिसते.

आवक तपासताना आणखी एक गोष्ट हाताशी येते. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी बिल्डरला घराच्या किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हे कलम 13 मध्ये आहे. कराराची तारीख एका रकान्यात आणि पैसे आल्याच्या तारखा दुसऱ्या रकान्यात ठेवल्या, की कोणाकडून आधीच जास्त घेतले ते लगेच दिसते.

रोखीत दिलेले पैसे मात्र कोणत्याच स्टेटमेंटमध्ये सापडणार नाहीत. त्यासाठी लेखापाल काही ग्राहकांना थेट पत्र लिहून विचारतो: आजपर्यंत तुम्ही किती दिले, कोणत्या खात्यात दिले? शेजारशेजारच्या सारख्या फ्लॅटच्या करारातील किमती समोरासमोर ठेवणेही उपयोगी पडते. ही तुलना किती बोलकी असते ते आम्रपाली प्रकरणात दिसले. नोएडा आणि ग्रेटर नोएडामधल्या या समूहाचे हिशेब सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायवैद्यक लेखापालांनी तपासले, तेव्हा काही फ्लॅट चौरस फुटाला अगदी 1, 5 किंवा 11 रुपये दराने दिल्याचे कागदावर आढळले. ग्राहकांचे पैसे नावापुरत्या कंपन्यांमधून बाहेर वळवले गेल्याचे न्यायालयाने 23 जुलै 2019 च्या निकालात नोंदवले, समूहाच्या प्रकल्पांची रेरा नोंदणी रद्द केली आणि अर्धवट घरे पूर्ण करण्याचे काम एनबीसीसीकडे दिले. ते व्यवहार बहुतांशी रेराच्या आधीचे. स्वतंत्र खाते नसताना हजारो कुटुंबांचे काय होते, हे त्या निकालात पानोपानी वाचायला मिळते.

आता दुसरा प्रश्न, पैसे काढण्याचा. इथला सर्वात मोठा गैरसमज असा, की खात्यात शिल्लक आहे म्हणजे काढता येते. मर्यादा शिलकीवर ठरत नाही, झालेल्या कामावर आणि खर्चावर ठरते. त्यासाठी तीन प्रमाणपत्रे लागतात. वास्तुविशारद फॉर्म 1 मध्ये काम किती टक्के झाले ते सांगतो. अभियंता फॉर्म 2 मध्ये आतापर्यंतच्या कामाचा खर्च सांगतो. सनदी लेखापाल फॉर्म 3 मध्ये जमीन आणि बांधकाम मिळून झालेला खर्च एकूण अंदाजित खर्चाच्या किती टक्के, ते काढतो. तेवढे टक्के अंदाजित खर्चाला लावून आलेला आकडा म्हणजे आजवर काढता येण्याजोगी एकूण रक्कम. त्यातून आधी काढलेले वजा करायचे आणि उरलेले काढायचे.

म्हणजे ही मर्यादा सुरुवातीपासूनच्या बेरजेची आहे. आपल्या प्रकल्पात 30 जूनच्या प्रमाणपत्रानुसार जमिनीचे 5 कोटी आणि बांधकामाचे 3 कोटी, असा 8 कोटी खर्च झाला होता, 20 कोटींच्या 40 टक्के. तोपर्यंत काढलेले 6 कोटी 60 लाख. सप्टेंबरअखेरच्या प्रमाणपत्रात, ज्यावर 8 ऑक्टोबरला सही झाली, खर्च साडेनऊ कोटी दाखवला आहे, म्हणजे साडेसत्तेचाळीस टक्के. सप्टेंबरअखेर एकूण काढलेले 9 कोटी 20 लाख. साडेनऊपेक्षा 30 लाख कमी. तिमाहीचे आकडे पाहणाऱ्याला इथे काहीच चुकीचे वाटणार नाही.

स्टेटमेंट तारखेनिशी वाचले की चित्र बदलते. 20 जुलैला 90 लाख निघाले आणि एकूण साडेसात कोटी झाले, 8 कोटींच्या आत. 12 ऑगस्टला पुन्हा 90 लाख निघाले, एकूण 8 कोटी 40 लाख. त्या दिवशी हातात असलेले प्रमाणपत्र जूनचे होते आणि त्याची मर्यादा 8 कोटींची. 40 लाख जास्त गेले. 28 ऑगस्टला आणखी 80 लाख गेले आणि मर्यादेबाहेरची रक्कम 1 कोटी 20 लाख झाली. 8 ऑक्टोबरच्या प्रमाणपत्राने ती मागाहून मर्यादेत आल्यासारखी दिसते, पण कायदा पैसे काढण्याच्या आधी प्रमाणपत्र मागतो. वर्षाअखेरच्या बेरजेवर समाधान मानणारा ऑडिट अहवाल ही गोष्ट हमखास चुकवतो. म्हणून स्टेटमेंटच्या प्रत्येक नावे ओळीशेजारी दोन रकाने वाढवावेत, त्या दिवसापर्यंतची एकूण उचल आणि त्या दिवशी लागू असलेल्या प्रमाणपत्राची मर्यादा. एवढ्या साध्या कामाने असे दिवस वर येतात.

यानंतरची पायरी अधिक नाजूक आहे, कारण तिथे मर्यादाच खरी आहे का ते पाहायचे असते. लेखापालाच्या फॉर्म 3 मध्ये बांधकामावरचा खर्च साडेचार कोटी लिहिला आहे. त्याच तिमाहीच्या अभियंत्याच्या फॉर्म 2 मध्ये झालेल्या कामाचा खर्च 3 कोटी 90 लाख आहे. मधले 60 लाख कशाचे? खातेवहीत ते बिल्डरच्याच समूहातल्या एका कंत्राटदार कंपनीला दिलेली आगाऊ रक्कम म्हणून निघतात. त्या कंपनीचे आरए बिल नाही, मोजणीपुस्तकात काम नाही, साइटवर सिमेंट किंवा सळई आल्याची चलने नाहीत. पैसे गेले हे खरे, पण त्यातून इमारतीचे काही झाले नाही. ते 60 लाख वजा केले तर मर्यादा 8 कोटी 90 लाखांवर येते, आणि 9 कोटी 20 लाखांची उचल ऑक्टोबरनंतरही 30 लाखांनी जास्तच ठरते.

स्वतंत्र खात्यातून पैसे बिल्डरच्या व्यवहार खात्यात जाणे मात्र गैर नाही, हे इथे स्पष्ट करायला हवे. बिल्डरने जमीन आधी स्वतःच्या पैशातून घेतली असेल, तर तो खर्च भरून काढण्याचा त्याला अधिकार आहे. बांधकामासाठी घेतलेल्या कर्जावरचे व्याजही प्रकल्पखर्चात धरले जाते. जाहिरात आणि दलाली मात्र जमीन-बांधकामाच्या खर्चात मोडत नाही, ती 30 टक्क्यांतूनच भागवायची. त्यामुळे स्टेटमेंटवर पहिला पैसे घेणारा कोण, यापेक्षा त्याच्याकडून पैसे पुढे कुठे गेले हे जास्त सांगून जाते. त्याच दिवशी, गोल आकड्यात, भगिनी कंपनीकडे गेलेली रक्कम दिसली तर तिथे थांबून त्या कंपनीने या इमारतीत काय केले, याचे बिल मागावे.

जमिनीचा खर्च या सूत्रात जसा बसतो, त्यातून कायद्याची एक मर्यादाही दिसते. आपल्या प्रकल्पात जूनमध्ये काढता येण्याजोगी रक्कम 40 टक्के होती, पण बांधकाम 15 कोटींपैकी फक्त 3 कोटींचे, म्हणजे 20 टक्केच झाले होते. जमीन महाग असलेल्या मुंबईसारख्या ठिकाणी ही दरी आणखी रुंद होते. सगळे नियम पाळूनही खात्यातले बहुतेक पैसे जमिनीपोटी निघून जातात आणि प्लिंथच्या वर काम चढलेले नसते. हा गैरव्यवहार नाही. पण उरलेले बांधकाम कोणत्या पैशातून होणार, हा प्रश्न लेखापालाने आणि ग्राहकाने विचारलाच पाहिजे. त्याचे उत्तर शोधण्याची रीत सोपी आहे. विकलेल्या फ्लॅटचे यायचे बाकी हप्ते आणि न विकलेल्या फ्लॅटची रेडी रेकनर दराने किंमत एकत्र करायची आणि ती उरलेल्या खर्चाशेजारी ठेवायची. येणारी रक्कम उरलेल्या खर्चापेक्षा कमी पडत असेल, तर 70 टक्के खात्यात ठेवून इमारत पूर्ण होणार नाही. कायदा लागू झाला तेव्हा आधीच चालू असलेल्या प्रकल्पांसाठी महाराष्ट्राच्या फॉर्म 3 मध्ये नेमकी हीच तुलना आहे, आणि कमी पडत असेल तर पुढची 100 टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात टाकावी लागते.

महाराष्ट्रात फॉर्म 3 देणारा लेखापाल आणि फॉर्म 5 वर सही करणारा वैधानिक ऑडिटर वेगवेगळे असावे लागतात. पहिल्याने दिलेले प्रमाणपत्र दुसरा तपासतो. प्रमाणपत्रात खोटी किंवा चुकीची माहिती आढळली, तर महारेरा वास्तुविशारद, अभियंता किंवा लेखापालाच्या नियामक संस्थेकडे प्रकरण नेऊ शकते. बिल्डरने कलम 4 मोडल्यास प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या 5 टक्क्यांपर्यंत दंड आहे, म्हणजे आपल्या 20 कोटींच्या प्रकल्पात 1 कोटीपर्यंत. बँकेकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नये. प्रमाणपत्र आहे का हे ती पाहू शकते, तिसरा स्लॅब खरोखर पडला का हे पाहायला ती साइटवर जात नाही. सप्टेंबर 2023 मध्ये महारेराने 388 प्रकल्पांची नोंदणी स्थगित करून त्यांची खाती गोठवायला सांगितली, ती त्यांनी तिमाही माहितीच भरली नव्हती म्हणून. माहिती भरलेली आहे पण खोटी आहे, अशा प्रकल्पांपर्यंत पोचायला ऑडिटरचीच नजर लागते.

ग्राहकाला बँक स्टेटमेंट पाहायला मिळत नाही. पण महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर फॉर्म 1, 2, 3 आणि वर्षाचा फॉर्म 5 कोणालाही उघडता येतात. फॉर्म 2 मधला बांधकामाचा खर्च आणि फॉर्म 3 मधला खर्च एकमेकांशेजारी ठेवायला हिशेबाचे शिक्षण लागत नाही, आणि आपल्या उदाहरणातले 60 लाख तेवढ्यावरच दिसले असते. वास्तुविशारदाने लिहिलेला मजला साइटवर आहे का, हे रविवारी एक चक्कर मारूनही कळते. करारात आणि वाटपपत्रात संकलन खात्याचा क्रमांक छापलेला असतो. मागणीपत्रावरचा क्रमांक तोच आहे का, आणि गृहकर्ज देणाऱ्या बँकेकडे तोच नोंदवला आहे का, हे प्रत्येक हप्त्याच्या आधी पाहावे. 20 लाख ज्या ग्राहकाचे भरकटले, त्याच्या फाइलमध्ये हे दोन क्रमांक वेगळे होते.